पाणीबिणी की पाणीबाणी? ‘ब’ कुठे बसतो आणि किती जागा घेतो

प्रश्न: माझी सून गुजराती आहे. मराठी फार छान शिकतेय, पण ‘पाणीबाणी आणू का’, ‘गाडीबाडी मिळेल ना’ असं म्हणते. पहिल्या व्यंजनाच्या जागी ‘ब’ घालायचा, हा नियम मीच तिला सांगितला होता. मग तिचं चुकतंय कुठे? आणि ‘आईबिई’मध्ये तर सुरुवातीला व्यंजनच नाही, तिथे काय बदलतं?

उत्तर:

सूनबाईंनी तुमचा नियम तंतोतंत पाळला आहे. अपुरा आहे तो नियम. ‘पाणी’तला प काढला, ब घातला, ‘आ’ जागच्या जागी ठेवला, की ‘बाणी’च होणार. शिवाय गुजरातीत हे असंच चालतं: ‘चा-बा’, ‘पाणी-बाणी’. ब दोन्ही भाषांत सारखा असल्यामुळे आपण मराठीच बोलतोय असं त्यांना वाटत असणार, आणि तुम्हालाही चूक कानाला खटकली तरी बोट ठेवता येत नाही.

मराठीत व्यंजनाबरोबर त्याचा स्वरही जातो. दोघांच्या जागी मिळून ‘बि’ येतो. पाणीबिणी, गाडीबिडी, पैसेबिसे, डोकंबिकं, जेवणबिवण: मूळ शब्दात पहिला स्वर आ असो, ऐ असो, ओ असो, जोडीत ‘इ’च. नुसतं व्यंजन बदलतं असा समज होतो तो पीठबीठ, तिखटबिखट, चिठ्ठीबिठ्ठी अशा शब्दांमुळे. त्यांत मुळातच इकार असल्यामुळे स्वर बदललेला दिसत नाही.

मी अमराठी प्रौढांना बरीच वर्षं मराठी शिकवते. त्यांना मी व्यंजन-स्वर असं काही सांगतच नाही. शब्द देवनागरीत लिहा, पहिलं अक्षर त्याच्या काना-मात्रा-वेलांटीसकट खोडा, तिथे ‘बि’ लिहा, एवढंच सांगते. आपल्या लिपीची बांधणीच अशी आहे की एका अक्षरात स्वर आणि त्याच्या आधीची सगळी व्यंजनं एकत्र येतात, आणि नेमका तेवढाच तुकडा इथे बदलतो. ‘पुस्तक’ घ्या. लिहिताना पु-स्त-क. पु खोडला, बि आला: बिस्तक. ‘पु’नंतरचा स् ऐकताना पहिल्याच उच्चाराला चिकटलेला वाटतो, पण तो शाबूत राहतो. ‘डॉक्टर’चं बिक्टर, ‘लग्न’चं बिग्न, तिथेही क् आणि ग् टिकतात.

जोडाक्षराने सुरू होणारे शब्द घेतले की हे आणखी स्पष्ट होतं. ‘प्रवास’मध्ये नुसता प् बदलला असता तर ‘ब्रवास’ किंवा ‘ब्रिवास’ झालं असतं. आपण म्हणतो प्रवासबिवास. प्र अख्खा गेला. प्रेमबीम, श्रीखंडबिखंड, व्यायामबियाम, स्वयंपाकबियंपाक, स्टेशनबिशन, सगळीकडे पहिलं जोडाक्षर एकगठ्ठा जातं. ‘स्टेशन’ इंग्रजीतून आलं आणि ‘श्रीखंड’ घरचं, पण वागणूक एकच. म्हणून ही जोडी पाठांतराने येत नाही. उद्या एखादा नवा शब्द भाषेत आला तरी लहान मूलसुद्धा क्षणात त्याची जोडी करून दाखवतं.

‘आईबिई’चं कोडं इथेच सुटतं. स्वराने सुरू होणाऱ्या शब्दात स्वर हेच पहिलं अक्षर. ते खोडायचं आणि बि लिहायचं: आईबिई, उद्याबिद्या, अभ्यासबिभ्यास, ऑफिसबिफिस, औषधबिषध. बदलायला व्यंजन नाही म्हणून काही अडत नाही, कारण बदल व्यंजनाचा नव्हताच.

एका ठिकाणी मात्र ही अक्षराची युक्ती थोडी फसते. ‘आंबा’तला आं अख्खा खोडला तर ‘बिबा’ उरेल. आपण म्हणतो आंबाबिंबा. ‘भांडण’चं भांडणबिंडण, ‘भिंत’चं भिंतबिंत. अनुस्वार आपण पहिल्या अक्षराच्या डोक्यावर देतो, पण आवाज असतो तो पुढच्या व्यंजनाच्या वर्गातला: आम्बा, भाण्डण, भिन्त. म्हणजे तो ‘पुस्तक’मधल्या स् सारखा मागे राहणाऱ्या भागातला आहे. म्हणून शिकवताना सांगायचं: काना-मात्रा खोडा, टिंब ठेवा.

आता ऱ्हस्व-दीर्घ. ‘प्रेमबीम’मध्ये मी दीर्घ बी लिहिला आणि ‘पाणीबिणी’त ऱ्हस्व, ते मुद्दाम. ‘मीठ’मध्ये मी दीर्घ, पण ‘मिठाचं’ म्हटलं की ऱ्हस्व. अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार सहसा लांबतो आणि शब्द पुढे वाढला की आखडतो. जोडीतला ‘बि’ अगदी तसाच वागतो: कामबीम, पण ‘कामाबिमाला गेला असेल’. घरबीर, पण ‘घराबिराचं काय ठरलं?’ पुस्तकबिस्तक, जेवणबिवण हे मोठे शब्द, त्यांत आधीच ऱ्हस्व. छापताना ‘घरबिर’, ‘कामबिम’ असंही सर्रास दिसतं, त्याला मी चूक म्हणणार नाही. पण मोठ्याने म्हणून पाहा, काम-बीम म्हणताना ई लांबतेच.

‘कामाबिमाला’ या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे, आणि शिकणारे तिथे हमखास अडखळतात. जोडी मूळ शब्दाची करून मग प्रत्यय लावला तर ‘कामबीमाला’ होतं, आणि ते कुणीच म्हणत नाही. आधी ‘काम’चं ‘कामा’ झालं पाहिजे, मग त्याचा पडसाद ‘बिमा’, आणि शेवटी ला. प्रत्यय दोन्हीकडे लावला तरी चालतं: ‘घरातबिरात शोध जरा’. क्रियापदांत तर पूर्ण तयार रूपाचीच जोडी होते: पडशीलबिडशील, रडूबिडू नकोस, लागलंबिगलं नाही ना? म्हणजे ही जोडी शब्दकोशातल्या शब्दाची होत नाही, तोंडातून निघणाऱ्या रूपाची होते. याचा माझा आवडता पुरावा सर्वनामांत आहे. ‘मी’ आणि ‘तू’ यांची जोडी मी कधी ऐकलेली नाही, कारण एकुलतं एक अक्षर खोडल्यावर मागे काही उरतच नाही, पडसाद उमटणार कशाचा? पण ‘मलाबिला काही विचारू नका’ हे आपण सहज बोलतो. ‘ला’ मागे उरला, काम झालं.

आता नियम अडतो कुठे ते सांगते. ब ने सुरू होणाऱ्या शब्दांना अडचण नाही: बटाटाबिटाटा, बसबीस, बाजारबिजार. स्वर बदलल्यामुळे दोन्ही भाग वेगळे ऐकू येतात. ‘भिंतबिंत’सुद्धा निभतं, भ आणि ब एवढा फरक कानाला पुरतो. खरी पंचाईत होते ती मुळातच ‘बि’ ने सुरू होणाऱ्या शब्दाची. ‘बिस्किट’वर नियम चालवला तर ‘बिस्किटबिस्किट’ मिळतं. मग तो पडसाद राहत नाही, तोच शब्द दोनदा म्हटल्यासारखं होतं, हट्टाला पेटलेल्या पोराने म्हणावं तसं. मी हे घरात आणि वर्गात अनेकांना विचारून पाहिलं आहे. बाकी शब्दांवर पटापट उत्तर देणारी माणसं ‘बिस्किट’, ‘बिल’, ‘बिछाना’ यांच्यावर थबकतात. मग कुणी ‘बिस्किटंफिस्किटं’ म्हणतो, बरेच जण जोडी सोडून ‘बिस्किटं वगैरे’वर येतात. या थबकण्यातून कळतं की पडसाद मूळ शब्दासारखा हवा, पण तोच असता कामा नये. हिंदीत पडसाद व चा असतो, चाय-वाय, पानी-वानी. तिथे व ने सुरू होणाऱ्या शब्दांना हीच अडचण येते आणि लोक श कडे वळतात, ‘वकील-शकील’.

आता शेजाऱ्यांकडे पाहू, कारण तुमच्या घरातला घोळ तिथूनच आला आहे. हिंदी आणि गुजराती नुसतं व्यंजन बदलतात, स्वर जपतात. बंगालीतही तसंच, फक्त तिथे ट येतो: ‘जल-टल’. दक्षिणेला कानडीत मात्र व्यंजन आणि स्वर दोन्ही जातात आणि ‘गि’ येतो: पुस्तक-गिस्तक, ऊट-गीट (ऊट म्हणजे जेवण). तेलुगूतही गि. इकार कानडी-तेलुगूसारखा, ओठांवरचा ब गुजरातीसारखा, अशी आपली मराठी मधोमध बसलेली आहे. कानडी मूळ शब्दाचा ऱ्हस्व-दीर्घपणाही जपते, ‘काफी’चं ‘गीफी’. आपण तो जपत नाही, आपल्या शब्दाच्या लांबीप्रमाणे ठरवतो. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञांनी 1956 साली भारत हा एकच भाषिक प्रदेश कसा आहे हे मांडलं, तेव्हा वेगवेगळ्या कुळांतल्या भाषांना जोडणाऱ्या खुणांमध्ये असे शब्दही घेतले होते. माझ्या वर्गात बेळगावकडची कानडी माणसं इकार कधी चुकत नाहीत, त्यांचा ग सुटायला वेळ लागतो. गुजराती माणसांचा ब पहिल्या दिवसापासून बरोबर असतो, त्यांचा ‘आ’ सुटत नाही.

शाळेच्या व्याकरणात या शब्दांना अंशाभ्यस्त म्हणतात, पण त्याच यादीत शेजारीपाजारी, बारीकसारीक, किडुकमिडुक हेही असतात. सूनबाईंना ते एकत्र शिकवू नका. पाजारी, सारीक हे ठरलेले तुकडे, ते त्या-त्या शब्दाबरोबर पाठच करावे लागतात. ‘मुलंबाळं’ तर दोन अर्थपूर्ण शब्दांची जोडी आहे. त्यातलं ‘बाळं’ ऐकून सूनबाई पुन्हा ‘आ’ ठेवायला लागतील.

लिहिताना जोडून किंवा मध्ये छोटी रेघ देऊन लिहायला सांगा. ‘गाडी बिडी’ असं तोडून लिहिलं की वाचणाऱ्याला ओढायची बिडी दिसते. बोलताना तसं होत नाही, कारण दोन्ही भाग एका दमात जातात.

सरावाला पाणी, गाडी नकोत, ती ‘बा’ने तोंडात पक्की बसली आहेत. ज्यांत ‘आ’ नाही असे शब्द आधी द्या: पैसे, डोकं, पुस्तक, जेवण. मग स्टेशन, औषध, आंबा. शेवटी एखादं पूर्ण वाक्य, ‘बाळ पडलंबिडलं तर?’ यात क्रियापदाचं तयार रूप आहे, आणि जोडीला लागणारी भीती-शंकाही आहे. ‘बाळ काल पडलंबिडलं’ असं घडून गेलेल्या गोष्टीबद्दल सरळ म्हटलं तर विचित्र वाटतं. ‘तर’, ‘ना?’, ‘नको’, ‘असेल’ असं काही सोबत असलं की क्रियापदाची जोडी लगेच सुखाने बसते. ते वाक्य त्यांच्या तोंडून न अडखळता आलं, की ‘पाणीबाणी’ त्यांच्याच कानाला खटकायला लागेल.