गृहकर्ज मुदतीआधी फेडताना बँक २ टक्के दंड मागतेय, माफीचं पत्र कसं लिहू?

आधी कराराच्या परिशिष्टात व्याजदर ‘फ्लोटिंग’ लिहिलाय का ते बघा. असेल आणि कर्ज तुमच्या वैयक्तिक नावावर असेल, तर विनवणी करूच नका, हक्काने मागा. अशा गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बंद केलाय. पत्रातला मुख्य मजकूर असा ठेवा:

“कर्ज खाते क्र. …, करारातील कलम … नुसार व्याजदर फ्लोटिंग आहे. त्यामुळे १२ लाखांवर आकारलेले २४,००० रुपये व त्यावरील जीएसटी रद्द करून सुधारित फोरक्लोजर स्टेटमेंट द्यावे.”

कराराच्या त्या पानाची झेरॉक्स जोडा, पोच घ्या. ३० दिवसांत दाद लागली नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करा. दर फिक्स्ड असेल तर मात्र करारातलं दंडाचं कलमच बघावं लागेल.