हिरवी सुई, मनगटाची शीर आणि ७२ तास

प्रश्न: पुण्यात बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. आयव्ही कॅन्युला घालायच्या पायऱ्या पाठ आहेत, पण व्हायव्हात प्रत्येक पायरीला ‘का’ विचारतात. आणि फ्लेबायटिस नक्की कशाने होतो, कसा टाळायचा?

तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे, म्हणून सरळ ‘तू’ म्हणते. हात धुणं, पेशंटचं नाव विचारणं, ट्रे लावणं हे तुला येतं असं धरते. फ्लेबायटिसवरून, म्हणजे शिरेचा दाह होण्यावरून, मी एकदा भर राउंडमध्ये बोलणी खाल्ली आहेत आणि ती अजून पचलेली नाहीत, त्यामुळे उत्तर लांबणार.

नोकरीचं पहिलं वर्ष होतं. पुण्यातलंच मधल्या आकाराचं हॉस्पिटल, नाव घेत नाही. सासवडकडचे एक काका संध्याकाळी ॲडमिट झाले. अंजिराची बाग, साठीच्या आसपास वय, तीन दिवस जुलाब-उलट्या. बीपी ११०/७०, नाडी जरा जलद, पोटॅशियम कमी, २.९. डॉक्टरांनी लिहिलं: अर्धा लिटर नॉर्मल सलाईनमध्ये पोटॅशियम क्लोराइडची एक अँप्यूल, म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट, चार तासांत, आणि त्यामागून तशीच दुसरी बाटली. ऑर्डरमध्ये चूक काहीच नव्हती. लिटरला ४० आणि तासाला १० ही हातातल्या शिरेसाठी साधारण वरची मर्यादा मानतात. इथे लिटरला बरोबर ४० होत होते आणि तासाला फक्त ५ जात होते.

चूक मी केली. उजव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, छान जाड शीर दिसत होती. ती दिसली की नवशिक्याचा हात आपोआप तिकडे जातो. मी हिरवी, म्हणजे १८ नंबरची इंट्राकॅथ (कॅन्युलालाच वॉर्डात असं म्हणतात) घेतली आणि एका फटक्यात घातली. फार अभिमान वाटला. वर मायक्रोपोरच्या चार पट्ट्या आडव्यातिडव्या अशा मारल्या की सुई आत गेली ती जागा पूर्ण झाकली गेली.

यातल्या प्रत्येक गोष्टीत एक ‘का’ आहे, म्हणून एकेक घेते.

मनगट वाकतं. पेशंटने भाजीचा घास घेतला, कूस बदलली, पांघरूण ओढलं की आतलं प्लास्टिकचं टोक शिरेच्या आतल्या अस्तरावर घासतं. दिवसभर घासलं की अस्तर सोलवटतं. हा मेकॅनिकल फ्लेबायटिस. शिवाय मनगटाच्या त्याच बाजूने रेडियल नर्व्हची फांदी जाते, तिला सुई लागली तर पेशंट झटका बसल्यासारखा ओरडतो. म्हणून जागा शोधायची ती मनगट आणि कोपर यांच्या मधल्या सरळ भागात, जमल्यास पेशंट ज्या हाताने जेवत नाही त्या हातात. शीर डोळ्यांनी निवडू नकोस, बोटाने निवड. दाबली की रबरासारखी उसळते ती घे. नुसती निळी दिसते पण बोटाला कडक दोरीसारखी लागते ती आधीच खराब झालेली असते.

नंबरचा ‘का’ मला फार उशिरा कळला. जाड इंट्राकॅथ शीर भरून टाकते, तिच्या कडेने रक्त वाहायला जागाच उरत नाही. बारीक असली तर कडेने रक्त वाहत राहतं आणि टोकातून निघणारं औषध तिथल्या तिथे पातळ होतं. पोटॅशियमसारखं झोंबणारं औषध पातळ न होता भिंतीला लागलं की केमिकल फ्लेबायटिस. काका शॉकमध्ये नव्हते. त्यांना गुलाबी, म्हणजे हिरवीहून बारीक २० नंबरची, भरपूर झाली असती. बऱ्याच मोठ्या माणसांना निळी, आणखी बारीक २२ नंबरचीही पुरते. काम भागेल अशी सगळ्यात बारीक सुई, आणि ती सामावून घेईल अशी शीर.

आता प्रत्यक्ष घालणं. टॉर्निकेट जागेच्या वर साधारण चार-पाच बोटं, आणि इतकंच घट्ट की खालची नाडी लागली पाहिजे, कारण धमनी दाबली गेली तर शिरेत भरायला रक्त येणार कुठून? शिरेवर फटाफट चापट्या मारू नकोस. पेशंटला दुखतं आणि शीर आकसू शकते. हात खाली लोंबू दे, मूठ उघड-मीट करायला सांग, फारच थंड हात असेल तर गरम कपडा ठेव.

मग क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोलने ३० सेकंद घासायचं आणि वाळू द्यायचं. फुंकर नाही, हाताने वारा घालणं नाही. जंतू मरायला तेवढा वेळ लागतो, आणि ओल्या जागी टोचलं तर तेच अल्कोहोल सुईबरोबर आत जाऊन शिरेला झोंबतं. वाळल्यावर ‘कुठे होती बरं’ म्हणून बोट लावलंस तर सगळं पुन्हा घासायचं.

खालची कातडी अंगठ्याने ताण म्हणजे शीर पळणार नाही. सुईचं तिरकं तोंड वर ठेव आणि १० ते ३० अंशांत आत घाल. चेंबरमध्ये रक्त दिसलं की सगळ्या मुली तिथेच प्लास्टिक ढकलायला जातात आणि शीर फुटते. असं का होतं ते बघ: सुईचं टोक प्लास्टिकच्या किंचित पुढे असतं. रक्त आलं म्हणजे सुई आत आहे, प्लास्टिक अजून दारातच उभं आहे. म्हणून कोन कमी करून हात जवळजवळ आडवा करायचा, दोन-तीन मिलिमीटर आणखी आत जायचं, आणि मग सुई स्थिर धरून फक्त प्लास्टिक पुढे सरकवायचं. त्यानंतर आधी टॉर्निकेट सोड, टोकाच्या वर शीर बोटाने दाब, मग सुई काढ. क्रम चुकला तर चादर लाल होते आणि मावशी दिवसभर ऐकवतात. काढलेली सुई पुन्हा प्लास्टिकमध्ये कधीही घालायची नाही, कारण ती प्लास्टिक कापू शकते आणि तुटलेला तुकडा रक्ताबरोबर पुढे जातो. ती थेट शार्पच्या पांढऱ्या डब्यात.

पाच मिली सलाईन हळू सोडताना वरच्या बाजूला हात ठेव. फुगवटा किंवा गारवा लागला, पेशंट कळवळला तर ती शिरेत नाही, काढ. वर पारदर्शक ड्रेसिंग, त्यावर तारीख-वेळ. पारदर्शक कशाला, ते काकांनी मला शिकवलं.

रात्री दहाला काका म्हणाले, “ताई, हात झोंबतोय.” मी ड्रिपचा वेग थोडा कमी केला. दोन वाजता पुन्हा म्हणाले. आता मायक्रोपोर उचलून बघितलं, तर सुईच्या जागेभोवती रुपयाएवढी लाली. म्हणजे दुखणं आणि लाली, दोन्ही आहेत. फ्लेबायटिस शून्य ते पाच मोजायची व्हिप स्कोअरची पट्टी तुला शिकवतीलच. त्यात दुखणं, लाली, सूज यांपैकी कुठल्याही दोन गोष्टी म्हणजे स्कोअर २, आणि २ ला इंट्राकॅथ काढायची, विचारत बसायचं नाही. मी विचारलं. नाइटच्या सीनियर सिस्टर म्हणाल्या, “घालून आठ तास झालेत. ७२ तासांची असते ती. चालू दे.”

मी चालू दिलं. सकाळी सहाला मनगटापासून वर चार बोटं लालभडक पट्टा होता, सूज होती आणि पट्ट्याखाली शीर पेन्सिलीसारखी कडक. ताप नव्हता. हा स्कोअर ४. काढली, हात उशीवर उंच ठेवला, गरम शेक दिला, दुसऱ्या हाताच्या मधल्या भागात गुलाबी घातली. उरलेलं पोटॅशियम त्या शिरेतून गेलं, काहीही झालं नाही. पंधरा दिवसांनी काका फॉलोअपला आले तेव्हाही ती शीर दोरीसारखी लागत होती. अंजिराच्या पेट्या भरताना मनगट वाकत नाही म्हणाले.

आणि राउंडला सर्वांसमोर त्याच सिस्टर म्हणाल्या, “हिने स्पिरिट नीट लावलं नसणार.”

हे मला आजही पटत नाही. जंतूंमुळे झालेल्या फ्लेबायटिसमध्ये भोकातून पू किंवा ओल आणि ताप दिसू शकतो, आणि बारा तासांत एवढं सहसा होत नाही. इथे पोटॅशियम सुरू झाल्यावर झोंबायला लागलं, लाली शिरेच्या वाटेने वर गेली, भोक कोरडं होतं. हे औषध आणि घासणं यांचंच काम. जागा आणि नंबर माझी चूक, शंभर टक्के कबूल. पण दोन ते सहा हे चार तास माझ्या एकटीच्या नावावर का?

त्या ७२ तासांबद्दलही बोलते. तो आकडा ‘तोपर्यंत सुरक्षित’ असा कधीच नव्हता, ‘त्यानंतर बदला’ असा होता, आणि आता तोही डगमगला आहे. ऑस्ट्रेलियात ३,२८३ पेशंटवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. एका गटात ठरलेल्या दिवशी इंट्राकॅथ बदलली, दुसऱ्यात गरज पडल्यावरच. फ्लेबायटिस दोन्हीकडे सारखाच, ७ टक्के. म्हणजे घड्याळ बघून फायदा झाला नाही. जागा बघावी लागते: दर शिफ्टला, आणि पोटॅशियम, व्हॅन्कोमायसिन किंवा अमिओडॅरोनसारखं काही चालू असेल तर त्याहून पुष्कळ वेळा. आणि पेशंट ‘झोंबतंय’ म्हणाला की लगेच.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. अपघात, मोठं ऑपरेशन, धो-धो रक्तस्राव असेल तर हिरवी किंवा त्याहून जाडच घालायची, तिथे माझं बारीक सुईचं पुराण लावू नकोस. कॅज्युअल्टीत घाईत, स्वच्छता न पाळता घातलेली असेल तर ती शक्य तितक्या लवकर, एक-दोन दिवसांत बदल. तुमच्या हॉस्पिटलचा बदलायचा नियम असेल तर तो पाळ. दोनदा चुकलीस तर तिसऱ्यांदा टोचू नकोस, दुसऱ्या कोणाला तरी बोलाव. आणि पोटॅशियमची अँप्यूल सिरिंजने सरळ शिरेत कधीच नाही, हृदय बंद पडतं. बाटलीत घातल्यावरही बाटली नीट उलटसुलट करून मिसळ, नाहीतर ते तळाशी बसून आधी तेच जातं.

व्हायव्हात ‘किती तासांनी बदलाल’ असं विचारलं तर पुस्तकातलं ७२ ते ९६ तास आधी सांग, मार्क मिळव. मग लगेच म्हण, “पण स्कोअर २ झाला तर आठव्या तासालाही काढेन.” परीक्षक त्याच सिस्टर निघाल्या तर मला कळव.