नफा चार लाख, मग पैसा गेला कुठं?

बेटा,

काल फोनवर तू म्हणालास की काका, सीएनं चार लाख नफा काढून दिला पण खरिपाचं बियाणं भरायला खात्यात तीस हजार आहेत, हिशोबात काहीतरी घोळ आहे. घोळ नाहीये. तू पाठवलेले दोन्ही कागद रात्री नीट बघितले. तू फक्त नफ्या-तोट्याचा वाचलास, बॅलन्स शीट उघडलीच नाहीस.

कृषी केंद्राचा धंदा म्हणजे जूनमधे खत-बियाणं उधार द्यायचं अन् कापूस विकला की वसूल करायचं. माल उधार गेला त्याच दिवशी नफा धरला जातो, पैसा आला की नाही हे तो कागद विचारतच नाही. मागच्या अन् यंदाच्या ३१ मार्चची शीट शेजारी-शेजारी ठेव. उधारी ६ लाखाची साडेनऊ झाली, माल ५ चा साडेसहा झाला, म्हणजे ५ लाख तिथं अडकले. नफ्यातले २ लाख ४० हजार तुम्ही घरखर्चाला उचलले (ही उचल नफ्याच्या कागदात येतच नाही, भांडवलातून वजा होते), उरले १ लाख ६०. बाकीचं कुठून आलं? बँकेचं सीसीचं कर्ज दीड लाखानं वाढलं, डिस्ट्रिब्यूटरचं देणं ७० हजारानं वाढलं, अन् खात्यातले १ लाख २० हजार संपले. जुळव बरं, बरोबर ५ लाख होतात. म्हणजे गावाला उधार द्यायला तू बँकेकडून व्याजानं पैसा घेतला.

आता मला खरी काळजी कशाची आहे ते सांगतो. सप्टेंबरमधे साडेनऊ लाख उधारी असती तर मी काहीच बोललो नसतो, तेव्हा कापूस शेतातच असतो. पण मार्चपर्यंत आपल्याकडचा बहुतेक कापूस विकून झालेला असतो, तरी जो पैसा आला नाही तो बहुतेक अडकलेलाच समज. तूच म्हणालास की त्यातले ३ लाख दोन हंगामांपूर्वीचे आहेत. आणि मागच्या खोलीत फवारणीच्या औषधाचे खोके मी दिवाळीत स्वतः बघितले, बाटल्यांवरची तारीख संपलेली, अन् शीटमधे ते ८० हजाराचे खरेदीभावानं तसेच उभे! ती उधारी बुडाली अन् ही औषधं गेली की ३ लाख ८० हजार कमी होतात, चार लाखाच्या नफ्यातले वीस हजार उरतात आणि तुमचं भांडवल ७ लाख ६० वरून निम्म्यावर येतं.

एवढं मात्र आहे की कोणती उधारी किती जुनी हे शीट सांगत नाही, तिथं सगळा एकच आकडा असतो. ते उधारीच्या वहीतच सापडेल. प्रत्येक नावापुढं शेवटचा पैसा कधी आला ती तारीख लिही, संपलेली औषधं वेगळी काढून मोज, अन् कंपनी परत घेते का ते डिस्ट्रिब्यूटरला आधी विचार. नवीन बियाण्याची ऑर्डर तोवर देऊ नको. रविवारी वही घेऊन घरी ये, नाव-नाव बघू.

तुझा काका