रेफरल नाकारताना काय सांगावे आणि काय सांगू नये

प्रश्न: "मागच्या कंपनीतला एक सहकारी आमच्याकडच्या सीनिअर बॅकएंड डेव्हलपरच्या जागेसाठी माझ्याकडे रेफरल मागतो आहे. आमचा क्लायंट एकच होता, पण तो सपोर्टला आणि मी डेव्हलपमेंटला. माणूस चांगला आहे, मात्र त्याचे कोडिंग मी कधीच पाहिलेले नाही. 'नुसते टाकून तर ठेव' असा रोज मेसेज येतो. त्याला न दुखावता नाही कसे म्हणू?"

नाही म्हणा, आणि ते आज किंवा फार तर उद्या म्हणा. घाई तुमच्यासाठी नाही, त्याच्यासाठी आहे. बहुतेक कंपन्यांत उमेदवाराने करिअर पेजवरून स्वतः अर्ज केला, किंवा एखाद्या कन्सल्टन्सीने त्याचा सीव्ही आधीच पाठवला, की त्यानंतर आलेले रेफरल ग्राह्य धरत नाहीत. हे त्याला बहुधा ठाऊक असते आणि म्हणूनच तो स्वतःचा अर्ज रोखून तुमच्याकडे डोळे लावून बसलेला असतो. तुम्ही "बघतो", "एचआरशी बोलतो" असे म्हणत आठवडा काढलात, तर त्या आठवड्यात रिक्रूटर पहिल्या काही सीव्हींमधून मुलाखतीची यादी करून मोकळा होतो, आणि त्याच्या हाती ना तुमचे रेफरल राहते ना वेळेवर केलेला अर्ज.

आता "टाकून तर ठेव" याविषयी. ही विनंती निरुपद्रवी वाटते, कारण फॉर्म भरायला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत. पण त्या फॉर्ममध्ये काय विचारले जाते ते एकदा शांतपणे वाचा. उमेदवाराला कधीपासून ओळखता, त्याच्याबरोबर प्रत्यक्ष काम केले आहे का, आणि या जागेसाठी तो योग्य का वाटतो, असे प्रश्न बहुधा असतातच. यातल्या शेवटच्या रकान्यात तुम्ही काय लिहाल? तिथे "मेहनती, टीम प्लेअर" असे मोघम लिहिले, तर हायरिंग मॅनेजर ते वाचून सरळ तुम्हालाच मेसेज करतो की "कोडिंगला कसा आहे?", आणि मग जे आधी त्याला सांगायचे टाळले तेच तुम्हाला मॅनेजरला सांगावे लागते. काही जण आणखी एक वाट काढतात: फॉर्म भरतात आणि मागाहून रिक्रूटरला फोन करून "माझा आग्रह नाही, ओळखीखातर टाकले आहे" असे सांगतात. हे मला सर्वांत चुकीचे वाटते, कारण आपल्यामागे कोणीतरी उभे आहे या विश्वासाने तो मुलाखतीची तयारी करत असतो आणि त्याच वेळी त्याचे वजन त्याच्या पाठीमागे कमी केले जात असते.

शिवाय अशा रेफरलने त्याचेही नुकसान होऊ शकते. अनेक ठिकाणी रेफरलची नोंद उमेदवाराच्या नावाशी सहा महिने ते वर्षभर जोडलेली राहते, आणि मुलाखतीत नकार आला तर तितक्याच काळासाठी त्याला पुन्हा अर्ज करता येत नाही. ज्या जागेसाठी तो कदाचित तयार नाही, तिथे ही संधी खर्च झाली, तर दोन महिन्यांनी त्याला खरोखर साजेशी जागा निघूनही दार बंद असते. तुमच्या कंपनीत हा काळ किती आहे आणि तो मुलाखतीनंतर लागू होतो की नुसत्या अर्जानेही, हे रिक्रूटरला आधी विचारून घ्या.

इथे एक अपवाद आहे. काही कंपन्यांच्या पोर्टलवर "मी या व्यक्तीची शिफारस करतो" आणि "ओळख आहे, कामाबद्दल सांगू शकत नाही" असे दोन वेगळे पर्याय असतात. दुसरा पर्याय असेल आणि रिक्रूटर त्याचा अर्थ तसाच घेत असेल, तर तो निवडण्यात काहीच गैर नाही. मात्र तुम्ही नेमके काय नोंदवले ते त्या सहकाऱ्याला शब्दशः सांगा, म्हणजे आपली शिफारस झाली आहे अशा समजुतीत तो राहणार नाही.

कारण काय द्यायचे, हा खरा अवघड भाग. "जागा भरली" हे सांगू नका, कारण ती जाहिरात तो रोज उघडून पाहत असतो. "आमच्याकडे रेफरलचे धोरण बदलले" हेही टिकत नाही, कारण तुमच्याच टीममधल्या कोणीतरी महिन्याभरात कुणाला तरी रेफर केलेले असते आणि पुण्याच्या आयटीत ही बातमी हिंजवडीहून खराडीला पोहोचायला वेळ लागत नाही. कारण खरे असावे आणि ते त्याच्या कुवतीबद्दल नव्हे, तर तुम्ही काय पाहिले आणि काय पाहिले नाही याबद्दल असावे. तो कोडिंगला कच्चा आहे असे तुम्ही म्हणत नाही, कारण तेही तुम्हाला ठाऊक नाही.

माझ्याकडे अगदी अशीच विनंती आली होती. तो सहकारी प्रॉडक्शन सपोर्टला होता आणि त्याचे एक काम मी जवळून पाहिले होते. पेमेंटचा रात्रीचा बॅच अडकला होता. लॉग वाचून त्याने थोड्या वेळात शोधले की एक जॉब डेटाबेसमधल्या लॉकची वाट पाहत थांबला आहे. त्याने डीबीएला उठवले, रनबुकमधल्या पायऱ्या एकेक करून पार पाडल्या आणि क्लायंटला दर अर्ध्या तासाने न चुकता परिस्थिती कळवली. यावरून त्याचे लॉगवाचन आणि दडपणाखाली शांत राहणे यांची खात्री मी कुणालाही देऊ शकत होतो. पण बॅकएंडच्या त्या जागेसाठी वेगळेच लागत होते: तो लॉक मुळात लागूच नये अशी टेबलांची आणि ट्रान्झॅक्शनची रचना करणे, ती कोडमध्ये उतरवणे आणि रिव्ह्यूमध्ये तिचे समर्थन करणे. यातले काहीच मी पाहिले नव्हते. मी त्याला असे लिहिले:

"तुझा सीव्ही नीट वाचला. या जागेसाठी रेफर करताना मला तुझ्या जावा आणि डेटाबेस डिझाइनच्या कामाबद्दल लिहावे लागते, आणि ते काम मी कधी जवळून पाहिलेले नाही. त्यामुळे या पोझिशनला मी रेफर करणार नाही. इन्सिडंट तू कसा हाताळतोस ते मी पाहिले आहे आणि त्याबद्दल कुणीही विचारले तर मी मोकळेपणाने सांगेन. माझ्यासाठी थांबू नकोस, करिअर पेजवरून थेट अर्ज कर."

यात "सध्या जमणार नाही" असे नाही, हे मुद्दाम केले होते. "सध्या" म्हटले की पुढच्या महिन्यात तोच प्रश्न परत येतो आणि तेव्हा नकार अधिक कडू लागतो. तसेच तीन-तीनदा माफी मागू नका. त्यामुळे समोरच्याला वाटते की थोडा जोर लावला तर हा माणूस ऐकेल.

जोर तो लावेलच. "बोनस तर तुलाच मिळणार आहे ना?" असे म्हणाला, तर बोनसचा या निर्णयाशी संबंध नाही एवढे सांगून थांबा. "मग अमक्याला कसे रेफर केलेस?" असे विचारले, तर त्याचा कोड मी रिव्ह्यू केला होता, हे साधे उत्तर पुरेसे आहे, त्यापलीकडे तुलनेत शिरू नका. सर्वांत समंजस वाटणारी विनंती म्हणजे "मी कोड पाठवतो, तू बघून ठरव." इथे दोन गोष्टी सांभाळा. पहिली, तो सध्याच्या नोकरीतला क्लायंटचा कोड पाठवत असेल तर फाइल उघडूही नका आणि त्याला ती लगेच काढून टाकायला सांगा, कारण हा गोपनीयतेचा भंग आहे आणि त्यात त्याची आहे ती नोकरीही जाऊ शकते. दुसरी, गिटहबवरचा त्याचा स्वतःचा प्रकल्प जरूर वाचा, पण वाचण्यापूर्वीच स्पष्ट करा की हे अभिप्राय देण्यासाठी आहे, रेफरलसाठी नाही. तासाभराच्या वाचनातून कोडची सफाई कळते. मात्र बदललेल्या गरजा, रिव्ह्यूतले मतभेद आणि डेडलाइन यांत माणूस कसे काम करतो ते कळत नाही, आणि "प्रत्यक्ष काम केले आहे का" या रकान्याचे तुमचे उत्तर त्यानंतरही "नाही" असेच राहते.

तो काही दिवस अबोला धरेल, हे गृहीत धरा. माझ्याही बाबतीत तसे झाले आणि मी मध्ये पडून समजूत घालायला गेलो नाही. त्याने थेट अर्ज केला, मुलाखतीचे बोलावणे आले नाही. पुढे आमच्याकडे साइट रिलायबिलिटीच्या टीममध्ये जागा निघाली, तेव्हा मीच त्याला फोन केला. जुन्या अर्जात मुलाखत झालेली नसल्यामुळे नव्या रेफरलला अडचण नाही, हे रिक्रूटरकडून पक्के करून घेतले, आणि "योग्य का वाटतो" या रकान्यात बॅच अडकलेल्या त्या रात्रीचे वर्णन चार ओळींत लिहिले. हायरिंग मॅनेजरने मला विचारले ते त्या चार ओळींबद्दलच.

तुमच्या प्रश्नात नसलेली एक परिस्थिती थोडक्यात सांगतो. त्याचे काम तुम्ही पाहिले असेल आणि ते कमी पडले असेल, तर "पाहिले नाही" असे लिहू नका, ते खोटे ठरेल. "मी जे पाहिले त्यावरून या जागेसाठी शिफारस करू शकत नाही" एवढेच लिहा, आणि त्याने विचारले तरच एखादे ठोस उदाहरण द्या.

तुमच्या सहकाऱ्याने आता थेट अर्ज केला, तर "कंपनीत कोणाला ओळखता का" या प्रश्नाला तो तुमचे नाव देऊ शकतो, आणि त्याला मना करण्याचे कारण नाही. फक्त तुम्हाला विचारणा झाली तर "एकाच क्लायंटसाठी काम केले, तो सपोर्टला होता, त्याचे डेव्हलपमेंटचे काम मी पाहिलेले नाही" असे तुम्ही सांगाल, हे त्याला आधीच कळवून ठेवा, आणि रिक्रूटरचा फोन आला की तेवढेच सांगा.