रिक्रूटरला नाही कळवताना हुद्द्याचा विषयच काढू नका

*प्रश्न: मी धुळ्याला अवधान एमआयडीसीत मेंटेनन्स मॅनेजर आहे, १३ वर्षं झाली या कामात. जळगावच्या एका कन्सल्टंट मॅडमचा मेसेज आलाय: मेंटेनन्स इंजिनिअर, अनुभव ३ ते ५ वर्षं. जायचं तर नाहीच. पण "हे माझ्यासाठी फार खालचं आहे" असं सरळ लिहिलं तर तोरा वाटेल, आणि उत्तरच नाही दिलं तर तेही बरं दिसत नाही. काय लिहू?*

मी जळगावला पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात प्रॉडक्शन बघतो. असाच मेसेज मलाही आला होता आणि मी त्याला काय उत्तर दिलं ते आठवलं की आजही ओशाळायला होतं. मी लिहिलं होतं, "मॅडम, आधी प्रोफाइल वाचत जा. मॅनेजरला शिफ्ट इनचार्जची जागा विचारताय?" पाच मिनिटांत त्यांचा शांत मेसेज आला, "सॉरी सर. तुमच्या प्रोफाइलवर सीनिअर इंजिनिअर आणि ४ लाख ८० हजार दिसतंय." मी साइट उघडून बघितली तर खरंच. सहा वर्षं त्या प्रोफाइलला मी हात लावला नव्हता. मॅनेजर झालो होतो तो फक्त कारखान्यात आणि लग्नाच्या पत्रिकांवर.

म्हणून उत्तर लिहायच्या आधी स्वतःचं प्रोफाइल एकदा उघडून बघा. कन्सल्टंट माणूस शोधतात तो यादी गाळून: कामाचे दोन-तीन शब्द, एकूण अनुभव, सध्याचा पगार, गाव. तुमचा पगाराचा रकाना जुना असेल तर तुम्ही ३ ते ५ वर्षंवाल्यांच्या यादीत जाऊन बसता. रकाने बरोबर असले तरी आपल्या भागात दुसरी अडचण असते. पुण्यात मेंटेनन्सची माणसं शोधली तर यादी संपत नाही. धुळे-जळगावात तीच यादी दोन स्क्रोलमध्ये संपते, मग कन्सल्टंट गाळणी सैल करतात आणि सगळ्यांनाच मेसेज टाकतात. तो मेसेज तुमच्या योग्यतेवर कोणी दिलेला निकाल नसतो, हे डोक्यात बसलं की उत्तराचा सूर निम्मा आपोआप सुधारतो.

बाकीचा निम्मा मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो तेव्हा कळला. गेल्या हिवाळ्यात मला शिफ्ट इनचार्ज हवा होता. शेतीच्या पाइपचा सीझन फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंत, त्याच्या आत माणूस बसायला हवा होता. काम त्याच मॅडमकडे दिलं. (हो, त्याच. जळगावात दुसरं काय होणार!) त्या रोज संध्याकाळी मला आलेल्या उत्तरांचे स्क्रीनशॉट पाठवायच्या, कोण हो म्हणालं, कोण नाही. तुमचं उत्तर फक्त कन्सल्टंट वाचते असं समजू नका. ज्याने जागा काढली तोही बऱ्याचदा वाचतो. आणि मी ते वाचत होतो तेव्हा शेजारी आमचा जुना शिफ्ट इनचार्ज उभा होता, ११ वर्षं तेच काम इमानाने करणारा.

पहिलं उत्तर होतं, "ही पोस्ट माझ्या लेव्हलची नाही." त्याने ते वाचलं, काही बोलला नाही, चहा घ्यायला निघून गेला. लिहिणाऱ्याने त्याचा अपमान करायचा म्हणून लिहिलं नव्हतं, त्याला हा माणूस माहीतही नव्हता. पण "लेव्हल" म्हटलं की वर कोण आणि खाली कोण हे ठरूनच जातं. "ज्युनिअर", "छोटी पोस्ट", "इतक्या अनुभवानंतर" या शब्दांनीही तेच होतं.

दुसऱ्याने उलट टोक गाठलं होतं. दहा-बारा ओळी माफीच्या: मॅडम गैरसमज नसावा, आपण आठवण ठेवलीत हेच खूप, माझी पात्रता नाही असं नाही पण घरी आईची तब्येत, मुलाची दहावी. मॅडमनी त्याला दुसऱ्या दिवशी फोन केला, "दहावी झाल्यावर जॉइन करता का?" कारण खोटं असलं की ते कारण संपण्याची वाट बघणारा माणूस भेटतो.

तिसऱ्याने लिहिलं होतं, "पॅकेज कमी आहे." हे वरवर सभ्य दिसतं, पण पगार हे कारण दिलं की भाव सुरू होतो. मी मॅडमना म्हटलं, १५ टक्के वाढवू. त्या माणसाकडे आता नाही म्हणायला काही उरलं नव्हतं. त्याने फोन उचलणं बंद केलं आणि मॅडमच्या वहीत त्याच्या नावापुढे "उत्तर देत नाही" असं लागलं. त्याला नको होतं ते काम, पगार नव्हे. ते त्याने सांगितलंच नाही.

चौथं उत्तर चांगलं होतं, म्हणून जवळजवळ जसंच्या तसं आठवतं: "नमस्कार मॅडम, विचारल्याबद्दल आभार. ही जागा एका शिफ्टची आहे. मी सध्या तिन्ही शिफ्ट आणि मोल्डिंग असं एकत्र बघतो आणि पुढेही पूर्ण प्लांटचं कामच करायचं आहे, म्हणून यासाठी माझं नाव धरू नका. प्लांटच्या जबाबदारीचं काही आलं तर जरूर कळवा, जळगाव किंवा नाशिक चालेल."

आमच्या इनचार्जने हेही वाचलं आणि म्हणाला, "बरोबर आहे भो, त्याला सगळा प्लांट पाहिजे." त्याला काही टोचलं नाही, कारण त्या माणसाने स्वतःची उंची सांगितलीच नव्हती. कामाचा आवाका सांगितला होता. एक शिफ्ट आणि तीन शिफ्ट हा फरक मोजता येतो आणि त्यात कोणी कमी-जास्त ठरत नाही. शिवाय हे कारण घासाघीस करून बदलता येत नाही. मी पगार वाढवू शकत होतो, एका शिफ्टच्या तीन शिफ्ट करू शकत नव्हतो.

तुमच्या बाबतीत हे असं बसेल. तुम्ही काय काय बघता ते एका ओळीत मांडा: किती मशिनं, युटिलिटी तुमच्याकडे आहे का, स्पेअरचं वार्षिक बजेट कोण ठरवतं, ब्रेकडाउन कोण उचलतं आणि वर्षाचं शटडाउन कोण आखतं. यातलं त्या जागेत नसलेलं तेवढंच निवडा. मी असतो तर असं लिहिलं असतं:

"नमस्कार मॅडम, मेसेजबद्दल आभार. जागेचं वर्णन वाचलं. त्यात रोजचं ब्रेकडाउन आणि प्रिव्हेंटिव्हचं काम आहे. माझ्याकडे आता पूर्ण प्लांटचं मेंटेनन्स, बजेट आणि शटडाउनचं नियोजन आहे आणि तेच काम पुढे करायचं आहे. त्यामुळे या जागेसाठी मी नाही. मेंटेनन्सची पूर्ण जबाबदारी असलेली जागा आली, धुळे, जळगाव किंवा नाशिकला, तर नक्की सांगा."

मेसेज इंग्रजीत आला असेल तर हेच इंग्रजीत लिहा, पण तेवढंच लांब. "सध्या" हा शब्द कुठे येतो ते मात्र बघा. "सध्या मी अमुक बघतो" ठीक. "सध्या इच्छा नाही" असं लिहिलंत तर तीन महिन्यांनी हीच जागा परत येईल, आणि त्यात चूक त्यांची नसेल.

पाठवायच्या आधी एक गोष्ट तपासा, पण शंका असेल तरच. नाव इंजिनिअरचं आणि काम मोठं असं मोठ्या कंपन्यांत होतं. आपल्याकडे ६० माणसांच्या कारखान्यातला मॅनेजर तिकडे वेगळ्याच नावाने ओळखला जातो. "या जागेच्या हाताखाली किती जण आहेत आणि ती कोणाला रिपोर्ट करते?" एवढं विचारलं की कळतं. तुमच्या मेसेजमध्ये ३ ते ५ वर्षं स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे तुम्हाला बहुधा गरज नाही. उगाच विचारून त्यांना आशा लावू नका.

उत्तर लवकर द्या, त्याच दिवशी जमलं तर उत्तम. बहुतेक कन्सल्टंटना पैसे मिळतात ते माणूस जॉइन झाल्यावर, कंपनीकडून, आपल्याकडे ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगारातला एक महिना हा दर बराच चालतो. तोवर त्यांचे फोन आणि दिवस फुकटच जातात, म्हणून पटकन आलेलं नाही त्यांना उपयोगी पडतं. लिंक्डइनवर इनमेल आलं असेल तर आणखी एक हिशेब आहे: ते मोजून मिळतात, आणि ९० दिवसांच्या आत तुम्ही हो किंवा नाही काहीही उत्तर दिलं की पाठवणाऱ्याचं ते क्रेडिट परत मिळतं. गप्प बसलात तर बुडतं. (आणि जो कन्सल्टंट उलट तुमच्याकडे रजिस्ट्रेशनचे पैसे मागेल, त्याच्याशी सभ्यपणे वागायची चिंता करू नका.)

आपल्याकडे अर्धी कामं फोनवरच होतात, त्यामुळे मेसेजआधी फोनच आला तर? मध्येच तोडू नका, जागा काय आहे ते दोन वाक्यं ऐका आणि मग म्हणा, "मॅडम, हे एका सेक्शनचं काम दिसतंय, मी पूर्ण प्लांटचं बघतोय, तर यात माझं नाव नको. लिहून पाठवतो." आणि खरंच पाठवा. तोंडी नाही त्यांच्या यादीत पोचतंच असं नाही, मग आठवड्याने त्याच ऑफिसातून दुसरी मुलगी तेच विचारते आणि तुम्ही तिच्यावर वैतागता.

राहिलं दुसऱ्याचं नाव सुचवणं. चांगलं आहे, पण शब्द सांभाळा. "माझ्या हाताखालचा एखादा पोरगा बघतो" असं म्हटलंत की वरच्या सगळ्या सांभाळून लिहिलेल्या ओळी वाया गेल्या. शिवाय स्वतःच्याच कारखान्यातला माणूस बाहेर काढून दिलात तर ते इथे दोन दिवसांत मालकापर्यंत जातं. बाहेरचा ओळखीचा कोणी असेल तर आधी त्याला विचारा, आणि त्याचा नंबर मॅडमना देण्याऐवजी मॅडमचा नंबर त्याला द्या. मेसेजमध्ये फक्त एवढं: "या कामाचे एक-दोन जण माहीत आहेत, त्यांना विचारतो, इच्छा असली तर ते तुम्हाला फोन करतील." कोणी माहीत नसेल तर ही ओळ नुसती दाखवायला म्हणून लिहू नका. त्या खरंच वाट बघतात.

मी त्या पहिल्या उत्तराबद्दल मॅडमची माफी मागितली ती फार उशिरा, एका शेतावर भरीत पार्टीत समोरासमोर आल्यावर. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सर, प्रोफाइल बदललं का?" तोवर बदललं नव्हतं. वांगी भाजलेल्या काड्या विझायच्या आत मोबाइलवर बदललं.