मुलाला रोज सकाळी उठल्या उठल्या डोकेदुखी आणि उलटी होते, दुपारपर्यंत बरा होतो, हल्ली झोपाळलेला असतो. डोक्यातलं प्रेशर वाढलं की असं होतं म्हणतात, ते का?

माझ्या भाच्याचं हेच झालं होतं म्हणून लिहितेय. तो तेव्हा दुसरीत होता. सकाळी उठला की कपाळ धरून गादीवर बसायचा, मग एकदम उलटी. आधी मळमळ नाही, पोटात दुखणं नाही. आणि उलटी झाली की पाचेक मिनिटांत डोकं हलकं व्हायचं आणि पोरगा पोहे मागायचा. घरातल्या सगळ्यांना तिथेच वाटलं की नाटक आहे. ताईच्या सासूबाई म्हणाल्या पित्त, भावोजी म्हणाले शाळेचा कंटाळा, जवळच्या डॉक्टरांनी पित्ताचं सिरप आणि उलटीचं औषध दिलं. मी तेव्हाच विचारलं होतं की शाळेचा कंटाळा असेल तर रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत पण उलटी का होते? तर मला म्हणाले तू डॉक्टर आहेस का.

आता कारण. कवटी हाडाची, ती ताणत नाही. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी एवढंच असतं. हे पाणी मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये सतत तयार होतं, मोठ्या माणसात दिवसाला साधारण अर्धा लिटर, आणि तेवढंच परत रक्तात शोषलं जातं. भाच्याला डोक्याच्या मागच्या बाजूला, ज्याला छोटा मेंदू म्हणतात त्या भागात गाठ होती, तिने पाण्याची खाली उतरायची वाट दाबली होती. पाणी बनत राहिलं आणि वर तुंबत गेलं. सुरुवातीला शरीर सांभाळून घेतं, थोडं पाणी मणक्याकडे सरकतं, शिरांमधलं रक्त कमी होतं, म्हणून आठवडेच्या आठवडे पोरगं ठीकठाक दिसतं. ती जागा संपली की मग जराशा वाढीने पण प्रेशर झपकन चढतं.

सकाळीच का, तर रात्रभर आडवं झोपल्यावर डोक्यातलं रक्त उभं असताना उतरतं तितकं सहज खाली उतरत नाही. शिवाय झोपेत श्वास संथ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड थोडा वाढतो आणि त्याने मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणजे आत आणखी रक्त. नॉर्मल माणसाला हे कळत पण नाही, पण ज्याच्या डोक्यात जागाच उरलेली नाही त्याचं प्रेशर पहाटे सगळ्यात जास्त असतं. मेंदूला स्वतःला दुखत नाही, दुखतात त्याच्यावरची आवरणं आणि रक्तवाहिन्या, त्या ताणल्या जातात. उठून बसलं, उलटीच्या वेळी जोरजोरात श्वास घेतला की प्रेशर जरा उतरतं, म्हणून नंतर बरं वाटतं. उलटीचं केंद्र मेंदूच्या देठात, पाण्याच्या शेवटच्या पोकळीला लागूनच आहे, ते दाबलं जातं. पोटाचा काही संबंध नाही, म्हणून पित्ताचं औषध कितीही पाजा.

झोपाळूपणा मात्र सगळ्यात वाईट, आणि घरी सगळ्यांना त्यातच बरं वाटत होतं, "बघ, आता शांत झोपतो". माणसाला जागं ठेवणारा भाग त्या देठातच आणि त्याच्या जरा वर आहे, तो दाबला जातोय. शिवाय कवटीच्या आतला दाब वाढला की रक्ताला आत शिरायला जोर कमी पडतो आणि मेंदूला रक्त अपुरं मिळतं.

भाचा चालताना भिंतीला धरायला लागला, मान एका बाजूला कलती ठेवायला लागला, तेव्हा मी ताईला घेऊन सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी थेंब टाकून डोळ्याचा पडदा बघितला, डोळ्याची नस जिथे आत शिरते तो भाग सुजलेला होता. त्यांनी त्याच दिवशी एमआरआयला पाठवलं. नंतर ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, पाण्याची वाट मोकळी झाली आणि सकाळच्या उलट्या थांबल्या त्या थांबल्याच.

तुमच्या मुलाला हेच आहे असं मी म्हणत नाही. मायग्रेनमध्ये पण उलटी होते आणि सकाळी डोकं दुखायची साधी कारणं भरपूर आहेत. पण रोज सकाळी डोकेदुखी अधिक उलटी, वर आता पेंग, हे वाट बघण्यासारखं नाही, आजच दाखवा. चालताना तोल, तिरळेपणा, दोन दोन दिसणं, खोकताना-वाकताना डोकं जास्त दुखणं, यातलं काही असेल तर सांगा. डोळ्याचा पडदा नॉर्मल आला तरी स्कॅनचं विचारा, सूज प्रत्येकाला येतेच असं नाही. हाक मारून नीट जागा होत नसेल तर रात्र असली तरी न्यूरोसर्जन असलेल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. आणि घरात कोणी पित्त म्हणालं तर त्यांना एवढंच विचारा, पित्ताने पोरगं भिंत धरून चालतं का? आमच्या भावोजींकडे याचं उत्तर आजही नाही.