मास्क चुकला होता, केबल नाही

अरे, दांडिया बाजारातल्या त्या ऑफिसात राउटर बदलल्यावर एकाच मशीनला वरच्या मजल्यावरचा सर्व्हर दिसेना, तर केबल उपसण्याआधी त्या मशीनवर हे बघ:

```
ip neigh
```

सर्व्हरच्या 192.168.20.5 या पत्त्यासमोर `FAILED` दिसलं, तर सबनेट मास्क तपास. मशीन 192.168.10.8 आणि मास्क 255.255.0.0 असेल, तर सर्व्हर आपल्याच सेगमेंटवर आहे असं समजून ते थेट एआरपीने त्याचा मॅक, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता, विचारतं. जुना राउटर प्रॉक्सी बनून स्वतःचा मॅक द्यायचा, म्हणून चूक झाकली गेली. नवा गप्प बसतो. मास्क 255.255.255.0 कर आणि गेटवेही तपास.

`STALE` दिसलं तर घाबरू नकोस. लिनक्स साधारण 30 सेकंदांनी नोंद जुनी मानतं. पुन्हा वापरताना खात्री करून घेतं.